स्नायू लांब होतो म्हणजे त्यात काय वाढते?

हाडांना जोडलेल्या स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या सूक्ष्म एककांची एकापुढे एक जोडलेली साखळी असते. एका सार्कोमिअरची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, म्हणजे मायक्रोमीटरमध्ये मोजतात आणि ती साधारण दोन ते चारच्या दरम्यान असते. असे शेकडो तंतू एका पातळ आवरणात एकत्र बांधले की फॅसिकल तयार होते. शिजवलेल्या मटणाच्या तुकड्यात जे उभे धागे सुटे होऊन येतात, ते बहुतांशी हेच फॅसिकल. सार्कोमिअर डोळ्यांना दिसत नाही, फॅसिकल मात्र सोनोग्राफीच्या पडद्यावर स्पष्ट दिसते. स्नायूच्या लांबीविषयीचे बरेचसे संशोधन या दोन पातळ्यांच्या मधल्या अंतरात अडकलेले आहे, कारण मोजले जाते फॅसिकल आणि जाणून घ्यायची असते सार्कोमिअरची संख्या.

सार्कोमिअरच्या मध्यभागी मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे असतात आणि दोन्ही टोकांकडून ॲक्टिनचे बारीक धागे आत आलेले असतात. मायोसिन ॲक्टिनला पकडून आत खेचते, हेच स्नायूचे आकुंचन. किती जोर निघेल हे दोन्ही धागे एकमेकांवर किती चढलेले आहेत यावर ठरते. माणसाच्या स्नायूत सार्कोमिअर सुमारे २.७ मायक्रोमीटर लांब असताना जोर सर्वाधिक असतो. त्यापलीकडे ताणत गेले की पकडीच्या जागा कमी होत जातात आणि ४.२ मायक्रोमीटरच्या आसपास धागे एकमेकांपासून पूर्ण सुटतात. तिथे सक्रिय जोर जवळपास शून्य असतो. मग स्नायूला धरून ठेवते ते टायटिन हे स्प्रिंगसारखे ताणले जाणारे महाकाय प्रथिन.

आता दहा सेंटिमीटर लांबीचा एक तंतू घ्यावा, ज्याचे सगळे सार्कोमिअर २.७ मायक्रोमीटरवर आहेत. त्याच्या साखळीत सुमारे ३७ हजार सार्कोमिअर बसतात. हा तंतू तेरा सेंटिमीटरपर्यंत ताणला तर प्रत्येक सार्कोमिअर सुमारे ३.५ मायक्रोमीटरपर्यंत जातो, म्हणजे जोर बऱ्यापैकी घटलेल्या भागात. याच साखळीत दहा टक्के सार्कोमिअर वाढले आणि एकूण संख्या ४०,७०० च्या घरात गेली, तर त्याच तेरा सेंटिमीटरवर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३.२ मायक्रोमीटर येतात. बाहेरून ताण तेवढाच आहे, पण तो जास्त एककांत वाटला गेला आहे. प्रत्येक एककाची पकड त्यामुळे जास्त घट्ट राहते, आणि सर्वाधिक जोर निघण्याची जागा स्नायूच्या लांबलेल्या स्थितीकडे सरकते. आणखी एक फायदा वेगाचा आहे. साखळीतला प्रत्येक सार्कोमिअर एकाच वेळी आखडतो, त्यामुळे त्यांची गती एकमेकांत मिळवली जाते आणि लांब साखळी जास्त वेगाने आखडू शकते. जोराचे तसे नाही. तंतूची जाडी तेवढीच राहिली तर सार्कोमिअर एकापुढे एक कितीही जोडले तरी कमाल जोर वाढत नाही. त्यासाठी धागे शेजारी शेजारी वाढावे लागतात. स्नायू फुगणे आणि स्नायू लांबणे या दोन वेगळ्या वाढी आहेत.

अशी लांबण्याची वाढ प्रौढ प्राण्यात होऊ शकते हे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. ताबारी, गोल्डस्पिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या पोटरीतला सोलियस हा स्नायू प्लास्टरमध्ये वेगवेगळ्या लांबीवर बसवून ठेवला. लांबलेल्या स्थितीत ठेवलेल्या स्नायूत सार्कोमिअरची संख्या सुमारे वीस टक्क्यांनी वाढली. आखूड स्थितीत ठेवलेल्या स्नायूत ती सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. प्लास्टर काढल्यावर काही आठवड्यांत दोन्हीकडची संख्या मूळ पातळीवर आली. संख्या घटण्याचे प्रमाण वाढण्याच्या दुप्पट होते, ही बाब हात-पाय महिनोन्महिने प्लास्टरमध्ये राहिलेल्या रुग्णांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सांधा आखडतो त्यामागे केवळ आवरणे कडक होणे नसते, तंतू खरोखरच आखूड झालेला असतो.

प्लास्टर म्हणजे मात्र व्यायाम नव्हे. व्यायामाचा धागा १९९४ मध्ये लिन आणि मॉर्गन यांच्या उंदरांवरच्या प्रयोगातून मिळतो. काही उंदरांना ट्रेडमिलवर चढ धावायला लावले, काहींना उतार. गुडघ्यावरचा व्हॅस्टस इंटरमिडियस हा स्नायू चढावर आखडत काम करतो, तर उतारावर तो प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो, म्हणजे जोर लावत असतानाच ताणला जातो. उतारावर धावलेल्या उंदरांच्या तंतूंत एकापुढे एक असलेले सार्कोमिअर चढावर धावलेल्यांपेक्षा जास्त निघाले. मॉर्गन यांनी याआधीच एक कल्पना मांडली होती. तंतूतले सगळे सार्कोमिअर सारखे बळकट नसतात. जोर लावून ताणताना दुबळे सार्कोमिअर आधी हात टेकतात आणि एकाएकी लांब उघडतात. वारंवार असे झाले की तंतूची थोडी मोडतोड होते, आणि दुरुस्तीच्या वेळी साखळी पहिल्यापेक्षा लांब बांधली जाते, म्हणजे पुढच्या वेळी त्याच ताणात कोणीही इतके उघडत नाही. उतारावरून बराच वेळ चालून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात आणि पुढच्या वेळी तेवढ्या दुखत नाहीत, या सर्वांना ठाऊक असलेल्या अनुभवाचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. मात्र त्याला सर्वांची मान्यता नाही. ससे आणि इतर प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत असा व्यायाम देऊनही सार्कोमिअर वाढलेले आढळले नाहीत, आणि आज अनेक संशोधक मोडतोडीपेक्षा टायटिनवर पडणारा ताण हाच वाढीचा संकेत असावा असे मानतात. वाढ होताना नवे सार्कोमिअर प्रामुख्याने तंतूच्या टोकांशी, जिथे तो कंडरेला मिळतो तिथे बसवले जातात, हे वाढत्या वयाच्या प्राण्यांच्या स्नायूंत दिसलेले आहे.

माणसाच्या बाबतीत या सगळ्याची परीक्षा झाली ती मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंवर. वेगाने धावताना पाय पुढे फेकला जातो, टाच जमिनीला टेकण्याच्या थोडे आधी गुडघा सरळ होत असतो आणि पुढे झेपावणारी नडगी आवरण्याचे काम हॅमस्ट्रिंगकडे येते. त्या क्षणी हे स्नायू लांबलेले असतात आणि जोरही लावत असतात. सर्वाधिक दुखावते ते त्यातल्या बायसेप्स फीमोरिस या स्नायूचे लांब डोके, जे ओटीपोटाच्या हाडापासून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंत जाते. फुटबॉलमध्ये हीच दुखापत अव्वल असते, आणि क्रिकेटच्या बातम्यांत वेगवान गोलंदाज ‘हॅमस्ट्रिंग ताणल्यामुळे संघाबाहेर’ गेल्याचे वाचायला मिळते तेव्हा बहुतेक वेळा हाच स्नायू असतो.

त्यावरचा सर्वात अभ्यासलेला व्यायाम म्हणजे नॉर्डिक हॅमस्ट्रिंग. खेळाडू मऊ चटईवर गुडघे टेकतो, जोडीदार त्याचे घोटे मागून घट्ट दाबून धरतो. मांड्या, कंबर आणि पाठ एका रेषेत ठेवून खेळाडू हळूहळू पुढे झुकतो आणि पडणे जितके लांबवता येईल तितके लांबवतो. वर येताना हातांनी जमीन ढकलली तरी चालते, कारण या व्यायामात मोल आहे ते खाली जाण्याला. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, कंबरेतून वाकणे. नितंब मागे राहिले की शरीराचा भार गुडघ्याजवळ येतो, व्यायाम सोपा होतो आणि हॅमस्ट्रिंगवरचा ताण कमी होतो. दुसरी चूक दिसायला साधी, पण परिणामाने मोठी आहे. नवखा माणूस साधारण अर्ध्या वाटेवर सुटतो आणि धपकन पुढे पडतो. गुडघा सरळ होण्याच्या शेवटच्या टप्प्यात स्नायू सर्वात लांब असतो, आणि नेमक्या त्याच टप्प्यात त्याच्यावर भार उरत नाही. कोणत्या कोनापर्यंत खेळाडू वेग आवरून धरतो हे बाजूने मोबाइलवर चित्रीकरण करून सहज कळते. काही आठवड्यांत तो कोन पुढे सरकला नाही, तर लांबलेल्या स्थितीतला व्यायाम झालाच नाही असे समजावे.

पहिल्या आठवड्यात पाचच्या दोन फेऱ्या, तीही एकदाच, एवढ्यावर थांबणे शहाणपणाचे असते. नॉर्वेत बेतलेला आणि नंतर मोठ्या चाचण्यांत वापरला गेलेला दहा आठवड्यांचा आराखडा तसाच सुरू होतो, दुसऱ्या आठवड्यात सहाच्या दोन फेऱ्या दोनदा, आणि पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून तीनदा बारा, दहा आणि आठ अशा फेऱ्यांपर्यंत जातो. सुरुवातीलाच जास्त केले तर दोन-तीन दिवस इतके दुखते की खेळाडू पुन्हा चटईकडे फिरकत नाही. अनेक संघांत हा व्यायाम बंद पडण्याचे खरे कारण तेच आहे.

स्नायूच्या आत काही बदलते याची पहिली खूण जोराच्या मोजणीत सापडली. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात ब्रॉकेट, मॉर्गन आणि प्रोस्के यांनी २००१ मध्ये दाखवले की अशा व्यायामानंतर हॅमस्ट्रिंगचा सर्वाधिक जोर ज्या गुडघ्याच्या कोनावर निघतो, तो कोन सुमारे आठ अंशांनी लांबलेल्या स्थितीकडे सरकतो. सार्कोमिअर वाढले असतील तर असेच व्हायला हवे. पुढे सोनोग्राफीने थेट फॅसिकल मोजणे सुरू झाले. टिमिन्स आणि सहकाऱ्यांनी यंत्रावर सहा आठवडे व्यायाम देऊन पाहिला, तेव्हा जोर लावत लांबणाऱ्या गटात बायसेप्स फीमोरिसचे फॅसिकल सुमारे सोळा टक्क्यांनी लांबले, तर जोर लावत आखडणाऱ्या गटात ते बारा टक्क्यांच्या आसपास आखूड झाले. याच संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या अव्वल फुटबॉलपटूंचे हंगामाआधी मोजमाप घेतले होते. ज्यांचे फॅसिकल १०.५६ सेंटिमीटरपेक्षा आखूड होते त्यांना त्या हंगामात हॅमस्ट्रिंगची दुखापत होण्याचा धोका चौपटीने जास्त निघाला. हा आकडा खेळाच्या वर्तुळात फार वेगाने पसरला आणि काही जण त्याकडे पास-नापासची रेषा म्हणून पाहू लागले. तसे पाहणे चुकीचे आहे, आणि त्याचे कारण मोजमापाच्या पद्धतीतच आहे.

सोनोग्राफीचे जे पट्टीसारखे टोक त्वचेवर टेकवतात ते साधारण चार ते सहा सेंटिमीटर लांब असते. दहा-अकरा सेंटिमीटरचे फॅसिकल त्यात मावत नाही. पडद्यावर दिसणारा तुकडा आणि त्याचा तिरपेपणा यांवरून उरलेली लांबी गणिताने काढली जाते, जणू ते पुढेही सरळच जाते असे धरून. प्रत्यक्षात फॅसिकल वाकडे असते. टोक किंचित फिरले तरी उत्तर काही मिलिमीटरने हलते. टोक सरकवत नेऊन संपूर्ण स्नायूचे सलग चित्र जोडण्याची पद्धत अधिक भरवशाची आहे, म्हणून वेगळ्या पद्धतींनी काढलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

पण त्याहून मोठा प्रश्न दुसराच आहे. फॅसिकलची लांबी म्हणजे सार्कोमिअरची संख्या गुणिले एका सार्कोमिअरची लांबी. सोनोग्राफी फक्त गुणाकार दाखवते. फॅसिकल दहावरून बारा सेंटिमीटर झाले, तर कदाचित साखळीत नव्या कड्या जोडल्या गेल्या असतील, किंवा कड्या तेवढ्याच राहून प्रत्येक कडी वीस टक्के जास्त ताणलेली असेल. या दोन गोष्टींचा अर्थ उलटा आहे. पहिल्यात स्नायू लांबलेल्या स्थितीत अधिक समर्थ होतो, दुसऱ्यात तो सुटण्याच्या मर्यादेच्या अधिक जवळ जातो. स्नायूचा तुकडा काढून पाहिला तरी उत्तर मिळत नाही, कारण कापताच तो आखडतो आणि पूर्ण तंतूची लांबी त्यात नसते.

हे कोडे सोडवणारे उपकरण स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाले आणि २००८ मध्ये जगापुढे आले. त्यात केसासारख्या बारीक सुया स्नायूत टोचून लेसरचा प्रकाश आत सोडतात. मायोसिनच्या रचनेमुळे त्या प्रकाशाचा काही भाग अर्ध्या तरंगलांबीने परत येतो आणि जिवंत माणसाच्या स्नायूतले सार्कोमिअर समांतर पट्ट्यांसारखे दिसतात. पट्ट्यांमधले अंतर म्हणजे सार्कोमिअरची लांबी. त्याच ठिकाणची फॅसिकलची लांबी सोनोग्राफीने घेतली की भागाकाराने संख्या निघते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी स्टॅनफर्डच्या मदतीने हे उपकरण नॉर्डिक व्यायामाच्या आधी आणि तीन आठवड्यांनंतर वापरले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल अनेकांना अनपेक्षित होता. बायसेप्स फीमोरिसच्या गुडघ्याकडच्या भागात फॅसिकल जवळपास वीस टक्के लांबले होते, पण त्याच भागात सार्कोमिअरही जवळपास तेवढेच लांबलेले निघाले. भागाकार केला तर संख्या वाढलेली नव्हती. स्नायूच्या मधल्या भागात तर लक्षणीय बदलच नव्हता. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत पडद्यावर दिसणारी लांबी नव्या बांधकामाची नव्हती. त्यानंतर याच संशोधकांच्या वर्तुळातून नऊ आठवड्यांच्या व्यायामाचा अभ्यास आला, आणि त्यात चित्र पालटले. फॅसिकल लांबलेले होते आणि या वेळी सार्कोमिअरची संख्याही वाढलेली होती, गुडघ्याकडच्या भागात अधिक. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर एक क्रम दिसतो. आधी आहे ते सार्कोमिअर ताणलेल्या अवस्थेत राहतात, आणि व्यायाम पुरेसे आठवडे चालू राहिला तर नवे सार्कोमिअर बसून प्रत्येकावरचा ताण उतरतो. हा क्रम पक्का ठरण्याआधी आणखी अभ्यास व्हावे लागतील, कारण अशा चाचण्यांत सहभागी माणसे मोजकीच असतात.

माणसात सार्कोमिअर वाढतात याचा व्यायामाबाहेरचा पुरावा शस्त्रक्रियेतून मिळालेला आहे. एक पाय आखूड असलेल्या एका किशोरवयीन रुग्णाचे मांडीचे हाड शस्त्रक्रियेनंतर थोडे थोडे करत चार सेंटिमीटरने वाढवले होते. वर्षभराने तिच्या मांडीच्या पुढच्या स्नायूत सार्कोमिअरची संख्या दुपटीहून अधिक झालेली आढळली, आणि प्रत्येक सार्कोमिअर आधीपेक्षा कमी ताणलेला होता. तिथे स्नायू दिवसरात्र ताणलेला होता. आठवड्यातून तीनदा काही मिनिटांच्या व्यायामाकडून तेवढी अपेक्षा धरता येत नाही.

परिणाम लांबीचा की जोर लावत ताणले जाण्याचा, हा वाद अजून मिटलेला नाही. नॉर्डिकमध्ये कंबर सरळ असते, त्यामुळे हॅमस्ट्रिंग कमाल लांबीपर्यंत कधीच जात नाही. तरीही फॅसिकल लांबते. उलट कंबरेत वाकून बार खाली नेण्याच्या रोमानियन डेडलिफ्टमध्ये हे स्नायू बरेच अधिक लांबतात. दहा आठवड्यांच्या एका तुलनेत नॉर्डिक आणि कंबरेचा व्यायाम या दोन्हींनी फॅसिकल लांबवले, आणि नॉर्डिकने थोडे अधिकच. नुसती लांबी पुरत नाही, हे साध्या स्ट्रेचिंगवरून दिसते. काही आठवडे रोज हॅमस्ट्रिंग ताणून धरल्याने पुढे वाकणे सोपे होते, पण ते मुख्यतः ताण सोसण्याची सवय झाल्यामुळे. फॅसिकलच्या लांबीत फारसा फरक आढळत नाही. लांबी आणि भार दोन्ही एकत्र आले तरच संकेत पोहोचतो, असे आजचे पुरावे सांगतात. बसून गुडघा दुमडण्याच्या यंत्रावर कंबर वाकलेली असल्याने हॅमस्ट्रिंग लांबलेले असते, आणि बारा आठवड्यांच्या एका चाचणीत पालथे झोपून करण्याच्या यंत्रापेक्षा तिथे स्नायूचे आकारमान अधिक वाढले, सुमारे नऊ टक्क्यांऐवजी चौदा टक्के. ती वाढ आकारमानाची आहे. तिच्यातला किती वाटा लांबीचा, हे त्या मोजणीतून सांगता येत नाही.

मिळालेली लांबी टिकत नाही, हेही सिद्ध आहे. टिमिन्स यांच्या चाचणीत व्यायाम थांबवल्यावर अठ्ठावीस दिवसांत लांबलेले फॅसिकल परत आखूड झाले. म्हणून हंगामाआधी दहा आठवडे मेहनत करून मग सोडून देणे व्यर्थ आहे. आठवड्यातून एकदा थोड्या फेऱ्या चालू ठेवणे त्याहून जास्त कामाचे. डेन्मार्कमध्ये नऊशेहून अधिक फुटबॉलपटूंवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नॉर्डिकचा आराखडा पाळणाऱ्या गटात हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, तर नेहमीचाच सराव करणाऱ्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ५२. त्या चाचणीत फॅसिकल मोजलेले नव्हते. दुखापत घटली ती सार्कोमिअर वाढल्यामुळे, ताकद वाढल्यामुळे की दोन्हींमुळे, हे त्या आकड्यांतून निघत नाही. व्यायाम उपयोगी आहे हे मात्र निघते, आणि खेळाडूला व प्रशिक्षकाला तो उद्यापासून सुरू करायला तेवढे पुरेसे आहे.